लोहाची गोळी घरात पडून राहू नये म्हणून: काळी शौच, बद्धकोष्ठता आणि राहून गेलेल्या गोळ्या

विदर्भातल्या खेड्यांत नव्याने काम सुरू करणाऱ्या आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. गरोदर बाईच्या हातात लोह आणि फॉलिक अॅसिडची लाल गोळी पोहोचवणे हे काम आता बहुतेक गावांत होते. ती गोळी हातातून पोटात जाते की फळीवरच्या डब्यात, हे मात्र पहिल्या आठवड्यातच ठरते. त्या आठवड्यात शौचाचा रंग बदलतो, पोट जड वाटू लागते आणि घरातली वडीलधारी मंडळी आपले मत सांगतात. म्हणून या लेखात रक्तक्षयाची सगळी माहिती न देता गोळी देण्याच्या आधीचे बोलणे, बद्धकोष्ठता आणि चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब एवढ्याच गोष्टी घेतल्या आहेत.

पायरी पहिली: गोळी देण्यापूर्वी कार्ड वाचा

माता बाल संरक्षण कार्ड उघडून महिना, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीची नोंद या तीन गोष्टी पाहा. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अॅसिडची गोळी असते, लोह नसते. चौथा महिना लागला की लाल गोळी सुरू होते. तिच्यात 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. हिमोग्लोबिन 11 किंवा त्याहून जास्त असेल तर रोज एक गोळी, किमान 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. हिमोग्लोबिन 7 ते 10.9 असेल तर उपचार म्हणून रोज दोन गोळ्या. 7 च्या खाली असेल तर हे काम आपल्या गोळीने होण्यासारखे नसते, त्या बाईला रुग्णालयात पाठवायचे असते. 5 च्या खाली किंवा शेवटच्या तीन महिन्यांत 7 च्या खाली असेल तर त्याच दिवशी दाखल करावे लागते.

सिकलसेलची नोंद आपल्या भागात विसरून चालणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांत हा आजार आढळतो आणि रक्त कमी दिसण्याचे कारण दर वेळी लोहाची कमतरता हेच असते असे नाही. बाई केवळ वाहक असेल, तर ती इतरांसारखीच गोळी घेऊ शकते. तिला सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार असेल, तर लोहाची गोळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण अशा रुग्णाच्या शरीरात, विशेषतः वारंवार रक्त चढवले असेल तर, लोह आधीच साठलेले असू शकते. तपासणी झालेलीच नसेल तर कार्डावर तसे लिहून पुढच्या तपासणीच्या दिवशी ती करून घ्यावी.

पायरी दुसरी: रंगाची गोष्ट गोळीच्या आधी सांगा

गोळीची पट्टी हातात देण्यापूर्वी शौचाच्या रंगाविषयी बोलावे, नंतर नव्हे. आधी सांगितलेली गोष्ट ही माहिती असते. काळा रंग दिसल्यावर सांगितलेली तीच गोष्ट सारवासारव वाटते. बोलणे अगदी साधे असावे: "ताई, ही गोळी सुरू केली की तुमच्या संडासचा रंग काळपट किंवा हिरवट-काळा होईल. गोळीतलं सगळं लोह अंगात जात नाही, जे उरतं ते तसंच खाली पडतं आणि त्याचा रंग काळा असतो. त्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही, आणि बाळाचा रंगही बदलत नाही." शेवटचे वाक्य न विसरता म्हणावे. बाई तोंडाने विचारत नसली तरी मनात प्रश्न असतो, आणि घरात कोणीतरी "लेकरू कायं होते" असे म्हटलेलेच असते. शक्य असेल तर हे बोलणे सासूच्या किंवा नवऱ्याच्या समोर करावे, कारण गोळी बंद करण्याचा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच तोंडून येतो.

दुसरी समजूत अशी की गोळीने पोट्टं मोठं होते आणि मग कापाकापी करावी लागते. तिच्याशी वाद घालत बसू नये. गोळी बाळाची चरबी वाढवत नाही, ती आईच्या रक्तासाठी आहे आणि बाळंतपणात रक्त गेले तर तेच कामाला येते, एवढे सांगून पुढे जावे.

काळा रंग सर्वच वेळी निर्धोक असतो असे मात्र सांगू नये. लोहामुळे होणारी शौच काळी किंवा हिरवट-काळी असते, पण तिचा आकार आणि वास नेहमीसारखाच राहतो. डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि फार घाण वास येणारी शौच, किंवा तिच्यासोबत पोटात जोराचे दुखणे, चक्कर, दरदरून घाम, उलटीत रक्त असे काही असेल, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. अशा बाईला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. शौचावर ताजे लाल रक्त दिसले तर बहुधा घट्ट शौचामुळे झालेली चीर किंवा मूळव्याध असते, तरीही ते आरोग्य केंद्रात दाखवावेच. योनीमार्गातून रक्त जाणे ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. बाई संकोचाने "खाली रक्त गेलं" एवढेच म्हणते तेव्हा नेमके कुठून गेले, हे शांतपणे विचारून घ्यावे.

पायरी तिसरी: वेळ तिच्या दिवसातून काढा

"जेवणानंतर घ्या" एवढे सांगून भागत नाही. लोहाच्या गोळीला चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी हे तीन शेजारी चालत नाहीत, कारण त्यांच्यासोबत लोह नीट शोषले जात नाही. आपल्याकडे कोरा चहा दिवसातून तीन-चारदा होतो. म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा नको, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर हवे. पित्ताची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिची वेळ आरोग्यसेविकेला विचारून ठरवावी. उलट लिंबू, आवळा, पेरू, संत्रे यांच्यासोबत लोह चांगले शोषले जाते. हिवाळ्यात संत्रे घरोघरी असते, इतर वेळी वरणावर पिळलेले अर्धे लिंबू पुरते.

रिकाम्या पोटी गोळी जास्त शोषली जाते हे खरे आहे, पण मळमळ होऊन ती सुटत असेल तर तो फायदा निरर्थक आहे. रोज एकच गोळी असेल आणि मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वीची वेळ सर्वांत सोयीची. मळमळ वाटली तरी त्या वेळी बाई झोपेत असते.

रोज दोन लोहाच्या आणि दोन कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर मात्र आपल्याला बसून वेळापत्रक करावे लागते. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईसाठी मी साधारण असे मांडते: सकाळी घरून निघण्यापूर्वी भाकरी खाल्ल्यावर एक कॅल्शियम, दुपारी बांधावर शिदोरी सोडल्यावर लिंबाच्या फोडीसोबत एक लोह, आणि त्या वेळचा चहा तासभर पुढे ढकललेला, संध्याकाळी सातच्या जेवणासोबत दुसरी कॅल्शियम, रात्री साडेनवाला, झोपताना, दुसरी लोहाची. दुपारची गोळी शेतात घ्यायची असल्यामुळे ती सकाळीच कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची, नाहीतर ती रोज घरीच राहते.

आणखी एक सूचना याच वेळी द्यावी. लाल, गुळगुळीत, वरून साखरेचा थर असलेली ही गोळी लहान मुलांना खाऊसारखी दिसते, आणि लहान मुलाने बऱ्याच गोळ्या गिळल्या तर लोहाची विषबाधा होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून पट्टी मुलांच्या हाताला न लागेल अशा उंच जागी, पण टिनाच्या छपराला लागून नव्हे, ठेवावी. पावसाळ्यात पट्टीतून सुट्या करून डबीत ठेवलेल्या गोळ्या चिकटतात, त्यांचा थर सुटतो आणि लोखंडाचा वास येऊ लागतो, त्यामुळे गोळ्या पट्टीतच ठेवायला सांगावे.

पायरी चौथी: बद्धकोष्ठतेचे कारण आधी शोधा

गरोदरपणात आतड्यांची हालचाल तशीही मंद होते, पुढे वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पडतो, आणि कॅल्शियमची गोळीही पोट घट्ट करते. त्यात लोहाची भर पडते. म्हणून बाई "पोट साफच नाई होत" म्हणाली की लगेच गोळीला दोष देऊ नये आणि तिची तक्रार "होतंच असं" म्हणून झटकूही नये. तीन प्रश्न विचारावे: गोळी सुरू होण्याआधी पोट कसे साफ होत होते, किती दिवसांनी होते आणि कडक होते का, आणि दिवसभरात पाणी किती पोटात जाते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोदून काढावे लागते. कापूस वेचणीला किंवा निंदणाला गेलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, आणि त्याचे कारण तहान नसणे हे नसते. उघड्या रानात आडोसा नसतो, लघवीला कुठे जावे हा प्रश्न असतो, म्हणून ती मुद्दाम कमी पिते. घरी शौचालय आहे पण पाणी दुरून आणावे लागते, किंवा पहाटे अंधारात बाहेर जायचे म्हणून दिवसाची शौचाची भावना दाबून ठेवली जाते, हेही आढळते. अशा बाईला "दहा ग्लास पाणी प्या" हे सांगून काही होत नाही. तिच्यासोबत आणखी कोण बाया असतात, शेतात आडोशाची जागा कोणती, दोघींनी मिळून जाता येईल का, हे विचारून मार्ग काढावा. सकाळी उठताच दोन ग्लास कोमट पाणी, कामावर निघण्यापूर्वी एक, घरी परतल्यावर दोन, संध्याकाळी एक-दोन अशी फोड केली तर रानातली अडचण पुष्कळशी टळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात एवढे पुरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाटली सोबत न्यावीच लागते.

आहारात बदल सांगताना घरात जे शिजते त्यातूनच सांगावे. ज्वारीची भाकरी, सालीसकट मुगाचे किंवा मटकीचे कालवण, अंबाडी आणि चवळीची भाजी, पेरू, पपईऐवजी केळी किंवा संत्रे. पिकलेली पपई चालते, पण कच्च्या पपईबद्दल घरात भीती असते आणि तिच्यावर वाद घालून आपला विषय सोडू नये. जेवणानंतर अंगणात थोडे चालणे आणि रोज ठरावीक वेळी, सहसा सकाळच्या खाण्यानंतर, शौचाला बसण्याची सवय यांचा उपयोग होतो. बसल्यावर जोर करू नये.

एवढ्याने आठ दिवसांत फरक पडला नाही तर आरोग्यसेविकेला कळवावे. इसबगोलाचा भुसा एक-दोन चमचे भरपूर पाण्यासोबत, लोहाच्या गोळीपासून दूर वेळी, हा पर्याय तिच्या सल्ल्याने घेता येतो. डॉक्टर पोट मऊ करणारे औषध देऊ शकतात किंवा लोहाचा दुसरा प्रकार सुचवू शकतात. एरंडेल तेल, सोनामुखी किंवा दुकानातून आणलेला जुलाब मात्र बाईने स्वतःहून घेऊ नये. गावात एरंडेल अजूनही सर्रास दिले जाते, म्हणून हे स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि मधल्या काळात गोळी बंद करायची नाही, फक्त वेळ बदलायची, हेही तेवढ्याच स्पष्टपणे.

पायरी पाचवी: आठ-दहा दिवसांनी जाऊन गोळ्या मोजा

"घेता ना गोळ्या?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" असेच येते. म्हणून पट्टी मागावी आणि मोजावे, पण चोर पकडल्यासारखे नव्हे. "राहून जातात कधी कधी, तुमच्या किती राहिल्या?" असे विचारले की बाई मोकळी होते.

एक उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली पाचव्या महिन्यातली बाई, हिमोग्लोबिन 9.4, सिकलसेल तपासणी निरोगी. तिला रोज दोन गोळ्या ठरवून 60 दिल्या. दहा दिवसांनी भेट दिली तेव्हा 20 संपून 40 उरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 51 उरल्या होत्या, म्हणजे फक्त 9 घेतल्या गेल्या. इथेच रागावणे सोपे असते. हिशेब दिवसांवर पसरून पाहिला तर कारण दिसू लागते. तिला दिवसांची आठवण विचारली: पहिले तीन दिवस दोन-दोन घेतल्या, म्हणजे 6. चौथ्या दिवशी संडास काळी आली, तेव्हा तिने स्वतःहून एकच करून पुढचे तीन दिवस घेतल्या, म्हणजे आणखी 3. सातव्या दिवशी तिची सासू म्हणाली, "संडास कायीभोर येते, पोट कडक झालं, कायले खातं त्या गोया?" आणि शेवटचे चार दिवस गोळी बंद राहिली.

हा हिशेब दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, रंगाचे बोलणे या घरात आधी झाले नव्हते किंवा सासूपर्यंत पोहोचले नव्हते. दुसरी गोष्ट, पोट कडक होणे खरे आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय गोळी पुन्हा सुरू होणार नाही. या बाईला विचारल्यावर कळले की ती दुपारच्या दोन्ही वेळा चहा घेते, पाणी घरी परतेपर्यंत पीत नाही, आणि लोह व कॅल्शियम दोन्ही गोळ्या रात्री एकदमच घेत होती. सासूला बोलावून रंगाची गोष्ट तिच्यासमोर सांगितली, गोळ्यांची वर लिहिलेली वेळ तिच्या कामाच्या दिवसाप्रमाणे लावली, पाण्याची फोड केली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी पुन्हा सुरू केली. मागच्या अकरा गोळ्यांची भरपाई म्हणून तीन-तीन घ्यायला सांगितले नाही.

भरपाईबद्दल नियम साधा ठेवावा. त्याच दिवशी आठवण झाली तर राहिलेली गोळी त्याच दिवशी, कॅल्शियमचे अंतर सांभाळून, घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तर ती गोळी सोडून द्यावी आणि ठरलेलीच घ्यावी. दोन दिवसांच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर मळमळ, पोटदुखी आणि कडकपणा वाढतो, आणि त्रास झाला की बाई गोळीच सोडते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा लगेच घेऊ नये, पुढच्या ठरलेल्या वेळी घ्यावी. रोज उलटी होत असेल तर आरोग्यसेविकेला कळवावे.

आठवणीसाठी फार काही करावे लागत नाही. पट्टीवर पेनाने आठवड्याचे वार लिहून देणे, गोळी रोजच्या एखाद्या कामाला जोडणे, जसे रात्रीचा दिवा लावताना किंवा अंथरूण घालताना, आणि नवऱ्याच्या मोबाइलवर रोजचा गजर लावून ठेवणे एवढे पुरते. कार्डावर दर भेटीत फक्त "गोळ्या दिल्या" न लिहिता किती उरल्या तेही लिहावे.

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी गेली की मालिका तुटते. म्हणून सातवा महिना लागताच विचारून ठेवावे, पुढच्या किमान महिन्याभराच्या गोळ्या आणि कार्ड सोबत द्यावे आणि माहेरच्या गावच्या आशाताईला कळवावे. बाळंतपणानंतरचे 180 दिवसही याच पद्धतीने मोजावे लागतात, कारण बाळ झाले की गोळी संपली असेच घरात धरले जाते.

पायरी सहावी: महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन

उपचाराच्या दोन गोळ्या चालू असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन महिन्याने पुन्हा तपासावे. नियमित गोळी घेतल्यावर एका महिन्यात किमान 1 ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. वर सांगितलेल्या बाईचे 9.4 चे 10.4 किंवा त्याहून जास्त झाले पाहिजे. वाढ झाली नाही तर क्रम असा: आधी पट्टीतल्या गोळ्या मोजून त्या खरोखर घेतल्या गेल्या का पाहावे, नंतर चहा-कॅल्शियमचे अंतर, नंतर दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी दिली होती का, माती, राख किंवा कच्चे तांदूळ खाण्याची सवय आहे का हेही. गोळ्या पूर्ण घेतल्या असूनही वाढ नसेल तर कारण दुसरे असू शकते आणि बाईला वरच्या रुग्णालयात पाठवावे लागते. तिथे शिरेवाटे लोह देण्याचा निर्णय डॉक्टर करतात. चिठ्ठीवर "गोळ्या नियमित" असे मोघम न लिहिता किती दिल्या, किती उरल्या, चहा आणि कॅल्शियमची वेळ आणि सिकलसेल तपासणीचा निकाल असे चारही तपशील लिहावे, म्हणजे डॉक्टरांना तोच हिशेब पुन्हा करावा लागत नाही.